नातेवाईकाच्या उपचारासाठी मदतीचं पेज: आधी हिशेब, मग मजकूर

घरात कुणाला मोठं आजारपण आलं की लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या साइटवरचं मदतीचं पेज बहुतेक वेळा रात्री, घाईत आणि एकट्याने लिहिलं जातं. पुतण्या किंवा भाची मोबाइलवर फॉर्म भरते, साइटवरची दुसरी पेजं बघून त्याच धाटणीचा मजकूर लिहिते, टार्गेटमध्ये एक गोल आकडा टाकते आणि लिंक ग्रुपवर जाते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "तीस लाख नेमके कशाचे?" आणि घरात कुणालाच उत्तर देता येत नाही. हा लेख अशा तयार पेजच्या दुरुस्तीबद्दल आहे. लिंक फिरायला लागली असली तरी दुरुस्ती करता येते. फक्त मोठा बदल केला तर तो का केला, ते पेजवर लिहायचं.

नमुना म्हणून एक कुटुंब घेऊ. सातारा जिल्ह्यातले 49 वर्षांचे काका, यकृताचा सिरॉसिस, पुण्यात यकृत प्रत्यारोपण करायचं ठरलंय, यकृताचा भाग काकू देणार आहेत. पेज पुतण्याने बनवलंय. कुटुंब काल्पनिक आहे आणि आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या रुग्णालयाचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

मजकुराला हात लावण्याआधी एस्टिमेट नीट वाचा

रुग्णालय लेटरहेडवर सही-शिक्क्याचं एस्टिमेट देतं. पुतण्याने पेजवर टाकलेले 30 लाख त्या कागदावर कुठेच नव्हते. कागदावर पॅकेज होतं 19 लाखांचं. बाकीचे अकरा लाख "वरखर्च धरून" अंदाजाने आले होते. दुरुस्ती इथूनच सुरू करायची, कारण आकडाच हवेतला असेल तर खालचा मजकूर कितीही प्रामाणिक केला तरी उपयोग नाही.

एस्टिमेट हातात आलं की बिलिंग विभागात किंवा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडे जाऊन दोन गोष्टी विचारा: पॅकेजमध्ये काय काय धरलंय आणि काय धरलेलं नाही. प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये सहसा दोघांच्या शस्त्रक्रिया आणि ठरावीक दिवसांचं राहणं असतं. आपल्या नमुन्यात काकांचे 21 दिवस आणि काकूंचे 7 दिवस धरलेत. शस्त्रक्रियेआधीच्या दोघांच्या तपासण्या, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहावं लागलं तर त्याचा खर्च, गुंतागुंत झाली तर डायलिसिस किंवा पुन्हा शस्त्रक्रिया आणि घरी सोडल्यानंतरची औषधं हे बऱ्याचदा पॅकेजबाहेर असतं. उत्तर तोंडी मिळालं तर ते लिहून मागा. देत नसतील तर तुम्हीच ईमेल करा आणि "हे बरोबर आहे का" असं विचारा. उत्तर आलं की तुमच्याकडे लेखी पुरावा झाला.

घरी सोडल्यानंतरच्या औषधांचा खर्च पेजवर हमखास राहून जातो. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत रक्ततपासण्याही वारंवार होतात. हा खर्च लपवला तर तीन महिन्यांनी पुन्हा हात पसरावा लागतो आणि तेव्हा लोक विचारतात, "ऑपरेशन तर झालं ना?" उलट आयुष्यभराचा खर्च टार्गेटमध्ये घालणंही बरोबर नाही. आपल्या नमुन्यात पहिल्या सहा महिन्यांचा खर्च धरलाय आणि पेजवर स्पष्ट लिहिलंय की त्यापुढची औषधं कुटुंब स्वतः पाहील. अशी कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती कुठे ओढली, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

एकूण खर्च म्हणजे टार्गेट नव्हे

नवख्यांकडून सगळ्यात जास्त चूक इथे होते. एकूण खर्च किती, हा एक आकडा. लोकांकडून किती हवेत, हा दुसरा. मधली वजाबाकी पेजवर दिसली पाहिजे.

काकांचा खर्च असा मांडला:

प्रत्यारोपणाचं पॅकेज: 19,00,000
आधीच्या तपासण्या, दोघांच्या: 1,60,000
सहा महिन्यांची औषधं आणि तपासण्या, महिना 25,000: 1,50,000
पुण्यात तीन महिने खोली, महिना 15,000: 45,000
एकूण: 22,55,000

आता घरातून आणि इतर ठिकाणाहून काय जमतंय ते बघू. विम्याचे 5,00,000, त्याची पूर्वमंजुरी हातात आहे. बचत 3,50,000, त्यातले 1,60,000 तपासण्यांवर खर्च होऊन गेलेत. नातेवाइकांनी दिलेले 2,00,000. सोनं तारण ठेवून काढलेले 2,50,000. एकूण 13,00,000. म्हणजे तूट 9,55,000.

यावर साइटची कपात चढते. ऑनलाइन पैसे घेताना पेमेंट गेटवेचं शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, काही ठिकाणी साइटचंही वेगळं शुल्क असतं. फॉर्म भरताना ही टक्केवारी कुठेतरी लिहिलेली असते, ती शोधा. नमुन्यात सगळं मिळून 3 टक्के धरू. हातात 9,55,000 पडायला हवेत, तर 9,55,000 भागिले 0.97, म्हणजे साधारण 9,85,000. हे झालं टार्गेट. तीस लाखांवरून दहा लाखांच्या आत आलो, आणि प्रत्येक रुपया कशाचा हे सांगता येतंय.

साइटच्या प्रतिनिधीचा फोन येतो आणि तो पेजची जाहिरात करण्याबद्दल विचारतो, तेव्हा एकच प्रश्न विचारा: जाहिरातीचा खर्च कोण भरणार? तो जमलेल्या रकमेतून वळता होणार असेल, तर देणाऱ्याच्या हजारातले किती रुपये काकांपर्यंत पोचतात ते बदलतं, आणि ते पेजवर लिहावं लागेल. माझं मत विचाराल तर ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांपर्यंत लिंक पोचवून झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. देताना साइट देणाऱ्याकडे वेगळी "टिप" मागत असेल तर तेही सांगून टाका: ती ऐच्छिक आहे, काकांना मिळत नाही आणि शून्य करता येते.

सोन्यावरचं कर्ज जमेत धरलंय, हे बरोबर आहे का, असं काहींना वाटेल. धरलं तरी चालतं, नाही धरलं तरी चालतं. पण "हे कर्ज कुटुंब फेडणार आहे, मदतीतून नाही" किंवा याच्या उलट, जे खरं आहे ते लिहा.

कुठले दरवाजे ठोठावले, ते लिहा

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो: महात्मा फुले योजनेत होत नाही का? त्याचं उत्तर पेजवरच द्या. योजनेत तो उपचार आणि ते रुग्णालय बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्राकडून कळतं. धर्मादाय रुग्णालय असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41एए खाली 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाच्या दाखल्यासह तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज करावा लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी आहे, काही देवस्थानांचे ट्रस्टही वैद्यकीय मदत करतात.

पेजवर प्रत्येकापुढे एकच ओळ पुरते: अर्ज केला, मंजूर झाला, नाकारला किंवा उत्तर यायचंय. आपल्या नमुन्यात मुख्यमंत्री निधीचं उत्तर यायचं होतं, म्हणून ती रक्कम जमेत धरली नाही. त्याऐवजी लिहिलं: "हा अर्ज मंजूर झाला तर तेवढी रक्कम टार्गेटमधून कमी करू." अर्ज केलाच नसेल तर "सगळीकडे प्रयत्न करून थकलो" असं लिहू नका. आधी अर्ज करा.

आता मजकूर

पुतण्याचा मूळ मजकूर असा होता:

"माझे काका मृत्यूशी झुंज देत आहेत. त्यांच्याकडे फक्त 15 दिवस आहेत. काल त्यांची लहान मुलगी मला म्हणाली, दादा, बाबा परत येतील ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही हे वाचून पुढे गेलात तर कदाचित एक घर उद्ध्वस्त होईल. तुमचे 500 रुपये एक जीव वाचवू शकतात."

प्रत्येक वाक्याला विचारायचं: हे खरं आहे का, आणि हे कशाच्या आधारावर सांगतोय?

पंधरा दिवस कुठून आले? ओपीडीच्या कागदावर तसं काही नव्हतं. तिथे मेल्ड स्कोअर 24 आणि "लवकरात लवकर प्रत्यारोपणाचा सल्ला" एवढंच होतं. मेल्ड हा बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या रक्ततपासण्यांवरून काढलेला 6 ते 40 मधला आकडा असतो. तो जितका जास्त, तितका पुढच्या तीन महिन्यांतला धोका जास्त. तो अमुक दिवसांची मुदत देत नाही. मुदत लिहायचीच असेल तर डॉक्टरांच्या कागदावरची लिहा, किंवा जी खरोखर मुदत आहे ती लिहा: शस्त्रक्रियेची तारीख आणि त्याआधी भरायची डिपॉझिटची रक्कम. कागदावरच्या तारखेत घाई आपोआप दिसते. मनाने घातलेल्या मुदतीचं काय होतं बघा: सोळाव्या दिवशी काका आहेत, पेजही आहे, आणि आधी पैसे दिलेल्याला आपण फसलो असं वाटतं.

मुलगी खरंच तसं म्हणाली का? नसेल म्हणाली तर वाक्य काढायचं. म्हणाली असेल तरीही मी काढायला सांगेन. ती मुलगी उद्या शाळेत जाणार आहे आणि तिच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या मोबाइलवर हे वाक्य आहे. "तुम्ही पुढे गेलात तर घर उद्ध्वस्त होईल" हे वाक्य ज्याच्याकडे आज द्यायला पैसे नाहीत त्याच्यावर दोष ठेवतं. आणि 500 रुपये जीव वाचवत नाहीत. 500 रुपये टार्गेटचा साधारण दोन हजारावा हिस्सा भरतात, आणि तसे पुष्कळ जण देतात तेव्हा तूट भरते.

दुरुस्त मजकूर असा झाला:

"मी या पेजवरच्या रुग्णाचा पुतण्या. माझ्या काकांना तीन वर्षांपासून यकृताचा सिरॉसिस आहे. गेल्या दोन महिन्यांत पोटात पाणी होऊन दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं आणि आता डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलं आहे. यकृताचा भाग काकू देणार आहेत. त्यांच्या तपासण्या झाल्या आहेत, समितीची मंजुरी यायची आहे. एकूण खर्च 22,55,000 आहे. त्यातले 13,00,000 विमा, बचत, नातेवाईक आणि सोनं तारण यांतून जमले आहेत. आम्हाला 9,55,000 कमी पडतात. साइटची कपात धरून टार्गेट 9,85,000 ठेवलं आहे. हिशेब खाली दिला आहे. देणं शक्य नसेल तर काही हरकत नाही."

"अचानक" हा शब्द सिरॉसिसच्या पेजवर फार दिसतो. तीन वर्षांचा आजार असेल तर तीन वर्षं लिहा. फाईलमधल्या जुन्या सोनोग्राफीवर तारीख असते आणि लोक ती वाचतात.

यकृताच्या बाबतीत कारणाचा प्रश्न येतोच. दारू हे सिरॉसिसचं एक कारण आहे, तसंच हिपॅटायटिस बी आणि सी, आणि मधुमेह-स्थूलपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हर हीसुद्धा आहेत. कारण सांगायचं की नाही, हा काकांचा निर्णय. नुसतं "यकृताचा सिरॉसिस" लिहिलं तर ते खोटं नाही. पण दारूचा इतिहास असताना "आयुष्यात सुपारीचं खांडही खाल्लं नाही" असं लिहिणं खोटं आहे. ते गावातल्या एका माणसालाही माहीत असलं तरी सगळ्या पेजवरचा विश्वास जातो. सांगायचं ठरलं तर "दोन वर्षांपासून पूर्ण बंद आहे" एवढं, खरं असेल तर, पुरतं.

आणखी एक, प्रत्यारोपणाच्या पेजसाठी फार महत्त्वाचं: पेजवरून पैसे देऊन अवयवदाता शोधू नका. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयवासाठी मोबदला देणं-घेणं आणि तशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. दाता जवळचा नातेवाईक असला तरी नातं कागदपत्रांनी सिद्ध करून मंजुरी घ्यावी लागते. ती यायची असेल तर तसं लिहा, म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली तर लोकांना कारण कळेल.

पेज कुणाच्या आवाजात आहे, तेही बघा. बऱ्याचदा लिहिणारा पुतण्या असतो आणि मजकूर काकूंच्या तोंडचा. काकूंनी तो वाचलेलाही नसतो. जो लिहितो त्याने आपल्या नावाने, नातं सांगून लिहावं. पैसे कुणाच्या खात्यात जातील तेही सांगावं. शक्य असेल तर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात वळती करायचा पर्याय निवडा, साइटवर तो बहुधा असतो.

फोटो आणि कागद

काका शुद्धीवर असतील तर पेज त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि फोटो त्यांना निवडू द्या. बहुतेक माणसं शेतातला किंवा लग्नातला फोटो निवडतात, नळ्या लावलेला नाही. सिरॉसिसमध्ये विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत जाऊन रुग्ण बरळू लागतो, तशा अवस्थेत घेतलेला फोटो किंवा व्हिडिओ टाकू नका. ती त्यांची संमती नाही, मान हलवली तरीही. आजार खरा आहे हे एस्टिमेट आणि डॉक्टरांच्या पत्रावरून कळतं. चेहऱ्यावरून कळावं अशी अपेक्षा नको. मुलांचे फोटो अजिबात नकोत.

कागद टाकताना आधार क्रमांक, मोबाइल, पत्ता, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक झाका. मोबाइलमधल्या मार्करने केलेली काळी रेघ पुष्कळदा थोडी पारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचे अंक वाचता येतात. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रिंट काढा, कागदाची पट्टी चिकटवा आणि मग स्कॅन करा. रुग्णालयाचं नाव, तारीख, रक्कम आणि शिक्का मात्र झाकू नका. पडताळणाऱ्याला तेच हवं असतं.

पेजवर वैयक्तिक जीपेचा क्यूआर टाकू नका. एक तर हिशेब दोन ठिकाणी फुटतो. दुसरं म्हणजे लोकांची पेजं उचलून त्यावर स्वतःचा क्यूआर लावणारे असतात. "मदत फक्त या लिंकवर, आमचा दुसरा कुठलाही क्यूआर नाही" असं एक वाक्य टाका. काका-मामांनी थेट हातात दिलेले पैसे मात्र पेजवर जमा दाखवायलाच हवेत, नाहीतर तूट आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

80जी ची करसवलत मिळेल असं परस्पर लिहू नका. एका व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे येत असतील तरच ती शक्यता असते, आणि मग पावती ती संस्था देते.

जे लिहायला जड जातं ते

पैसे जमले आणि शस्त्रक्रिया झालीच नाही तर काय? काकूंच्या तपासणीत काही निघालं, समितीने मंजुरी नाकारली किंवा काकांचं त्याआधीच बरंवाईट झालं, तर? घरात हे बोलायला कुणी तयार नसतं. पण हे आधी लिहिलेलं असलं तर त्या दिवशी कुटुंबाला कुणाला तोंड द्यावं लागत नाही. नमुन्यातल्या पेजवर असं होतं: "शस्त्रक्रिया होऊ शकली नाही तर तोवरचं रुग्णालयाचं बिल या रकमेतून भरू. उरलेली रक्कम साइटच्या नियमाप्रमाणे परत करू, किंवा देणाऱ्यांना कळवून त्याच रुग्णालयातल्या गरजू रुग्णांसाठी देऊ." साइट परतावा कसा देते, हे आधी विचारून मगच हे वाक्य लिहा.

उलट गुंतागुंत झाली तर? टार्गेटमध्ये आधीच दोन-तीन लाख जास्तीचे टाकून ठेवायचा मोह होतो. टाकू नका. "गुंतागुंत झाल्यास खर्च वाढू शकतो, तो पॅकेजमध्ये नाही. तसं झालं तर बिल दाखवून टार्गेट वाढवू" असं लिहा.

नमुन्यात तसंच झालं असं धरू. शस्त्रक्रियेनंतर काकांच्या किडनीवर ताण आला, काही दिवस डायलिसिस लागलं, जादा बिल आलं 1,40,000. पेजवर अपडेट गेला: "डायलिसिसचे 1,40,000 पॅकेजबाहेरचे आहेत, बिल जोडलं आहे. कपात धरून टार्गेट 1,45,000 ने वाढवून 11,30,000 केलं आहे." एवढंच. त्या अपडेटमध्ये आयसीयूचा फोटो नव्हता.

अपडेट किती दिवसांनी द्यायचा याचा ठोकताळा नाही. पैसे काढले की, तारीख बदलली की आणि खर्च बदलला की द्यायचा. चांगली बातमीही त्याच दिवशी द्या. काही जण प्रकृती सुधारली हे लपवतात, पैसे यायचे थांबतील या भीतीने. आधी देणाऱ्यांना ती बातमी इतरांइतकीच हवी असते.

टार्गेट भरलं की पैसे घेणं बंद करा. साइट आपोआप बंद करतेच असं नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं. काकांना घरी सोडल्यावर अंतिम बिल आलं की शेवटचा हिशेब टाका: किती जमले, किती कपात झाली, रुग्णालयाला किती गेले, औषधांसाठी किती बाजूला ठेवले. मग एस्टिमेट, रिपोर्ट आणि फोटो काढून टाका आणि हिशेब तेवढा राहू द्या. साइटवरून कागद काढता येत नसतील तर त्यांच्या मदत विभागाला ईमेल करून काढायला सांगा, आणि काकांचं नाव शोधून ते खरंच निघालेत का, ते स्वतः तपासा.